मुंडकं बदललं, पण काका भलतीकडेच बघतायत

केळवेकर
मंडळी, दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली आहे, मदत करा.

दादरच्या एका हॉलमधलं लग्न. सात जणांचा ग्रुप फोटो, नवरा-नवरी मध्ये. कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर फ्लॅशची एकेक पांढरी छत्री. सगळ्यात चांगली फ्रेम निवडली तर त्यात नेमके नवरीच्या काकांचे डोळे मिटलेले. (काका फ्लॅश उडाला की डोळे मिटणाऱ्यांपैकी. बारा फ्रेममध्ये आठ वेळा मिटलेत.) म्हणून पुढच्या फ्रेममधलं काकांचं डोकं उचलून यात बसवलं. मान, कॉलर, केसांच्या कडा, कातडीचा रंग, सगळं झकास जुळलं.

फक्त त्या फ्रेममध्ये काका माझ्याकडे न बघता भाच्याच्या मोबाइलकडे बघत होते. भाचा माझ्या उजव्या हाताला उभा होता, साधारण दोन फुटांवर. म्हणून मी बुबुळं कापून वेगळ्या लेयरवर घेतली आणि डावीकडे सरकवत सरकवत डोळ्याच्या पांढऱ्याच्या बरोबर मध्ये आणली. डोळ्यातल्या छत्र्यांच्या चमकेसकट. दोन्ही बाजूंचं पांढरं मोजून सारखं केलं.

आल्बमचं प्रूफ पाठवलं तर काकूंचा फोन. "हे कुणाकडे बघतायत रे?" एवढंच. आणि आता मलाही तेच दिसतंय. बाकी सहा जण माझ्याकडे बघतायत आणि काका माझ्या खांद्यावरून मागच्या पंगतीकडे. तोच फोटो वीस बाय तीस इंचात फ्रेम करून द्यायचाय. चुकलं कुठे?

अण्णा_लालबाग
चमकेसकट सरकवलंस इथेच चुकलास. छत्री हलली का? नाही ना? मग चमक कशी हलेल? चमक जिथे होती तिथे ठेवायची आणि तिच्याखालून बुबुळ सरकवायचं. आम्ही ब्रशने निगेटिव्ह रंगवायचो तेव्हापासून हेच करतोय.

कोकणचा_पोरगा
सोप्पं आहे भावा. काका उजवीकडे बघतायत ना? डोकं आडवं फ्लिप मार. डावीकडे बघतील.

केळवेकर
@कोकणचा_पोरगा मग डावीकडे बघतील. मला समोर बघायला हवेत.

कोकणचा_पोरगा
हा बरोबर 😅

पण फ्लिपचं सांगतो, मी एकदा मावशीचं डोकं फ्लिप करून लावलं होतं. कोणालाच काही कळलं नाही, फक्त आजी म्हणाली नथ उजव्या नाकपुडीत कशी काय गेली. शिवाय एका बाजूच्या खिडकीची चमक सगळ्यांच्या डोळ्यांत डावीकडे आणि मावशीच्या उजवीकडे. ते तर मला आजीनंतर दिसलं.

मंजिरी_पार्ले
चांगला विषय काढलात. माझ्या सासऱ्यांचा फोटो आमच्या मुलाच्या मुंजीच्या फोटोत घालायचा आहे. ते दोन वर्षांपूर्वी गेले. स्टुडिओवाल्याने घालून दिला, पण ते अगदी समोर, आपल्याकडे बघतायत आणि बाकी सगळे बटूकडे बघतायत. मला तो फोटो बघवत नाही. त्यांची नजर मुलाकडे वळवता येईल का?

रोटोताई
केळवेकर, तुझ्या दोन चुका झाल्यात आणि त्या एकमेकींना झाकतायत, म्हणून तुला सापडत नाहीये. गोरेगावात एका कंपनीत कंपोझिटिंग करते. डबलच्या अंगावर नटाचं तोंड बसवणं हेच रोजचं काम, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. आधी मोठी चूक.

मला सांग, भाच्याकडे बघताना काकांनी नुसते डोळे वळवले की मानही थोडी वळवली?

केळवेकर
मान पण. थोडीच. नाकाचं टोक किंचित उजवीकडे आहे. ते इतकं कमी आहे की धडावर बसवताना अडचण आली नाही.

रोटोताई
तेच. तू बुबुळ पांढऱ्याच्या मधोमध आणलंस. बुबुळ मधोमध असलं की माणूस नाक जिकडे आहे तिकडे बघतो. कॅमेऱ्याकडे नव्हे. काकांचं नाक भाच्याकडे झुकलंय, म्हणजे तू नजर अर्ध्या वाटेवर आणून सोडलीस. म्हणून ते "खांद्यावरून मागे" बघतायत.

मान उजवीकडे आणि नजर समोर हवी असेल तर बुबुळ मध्याच्या डावीकडे जायला हवं. उजव्या बाजूला पांढरं जास्त दिसायला हवं. दोन्ही बाजू सारख्या असणं हीच चूक आहे. हे डोळ्याला पटत नाही कारण आपण डोळे एकटे झूम करून बघतो, आणि एकटे डोळे कुठे बघतायत हे कुणालाच सांगता येत नाही. वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये यावर निबंध लिहिला होता, चित्रांसकट. त्याने डोळ्यांची तीच जोडी तशीच ठेवली आणि खाली फक्त नाक-तोंडाचा भाग दुसऱ्या बाजूला वळलेला लावला, तर बघणाऱ्याला नजरच वळल्यासारखी वाटली. डोळ्यांवर रेघही न ओढता. डोकं बदलणं म्हणजे नकळत हाच प्रयोग करणं. म्हणून २००% वर काम कर, पण निर्णय पूर्ण चेहरा दिसेल अशा आकारातच घे.

आता किती सरकवायचं. तू मूळ फाइलवर काम करतोयस का?

केळवेकर
हो. २४ मेगापिक्सेल, ६००० रुंद. काकांचं बुबुळ जेमतेम २४ पिक्सेल रुंद आहे. मी साधारण सव्वा पिक्सेल सरकवलं असेल, ट्रान्सफॉर्मच्या चौकटीत आकडा टाकून.

रोटोताई
डोक्याचा लेयर वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये घे आणि चौपट मोठा कर. बुबुळ ९६ पिक्सेलचं होईल. मूळ आकारात एक पिक्सेल म्हणजे नजरेचे जवळजवळ तीन अंश, तिथे काम करणं म्हणजे कुऱ्हाडीने पेन्सिल तासणं.

मोठ्या माणसांचं बुबुळ सगळ्यांचं जवळजवळ सारखंच असतं, पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे फोटोत फूटपट्टी आपोआप मिळते. आणि डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तिथून बुबुळ साधारण १० मिलिमीटर पुढे असतं. ९६ पिक्सेलला पावणेबारा, तर १० मिलिमीटरला ८२ पिक्सेल. काका कॅमेऱ्यापासून किती लांब होते?

केळवेकर
बारा फूट. टेपने नाही, पण फरशा मोजल्या तर बारा.

रोटोताई
भाचा दोन फूट बाजूला, काका बारा फूट लांब, म्हणजे एक सहांश. ८२ चा सहावा भाग, पावणेचौदा. बुबुळ एकूण १४ पिक्सेल डावीकडे जायला हवं, चौपट फाइलमध्ये. तू सव्वा पिक्सेल सरकवलंस, म्हणजे चौपटीत पाच. अजून नऊ बाकी आहेत.

यात मान किती वळली हे कुठेच येत नाही, लक्षात घे. मान तशीच राहणार आहे. नजर भाच्यावरून लेन्सवर आणायची, एवढाच कोन.

अण्णा_लालबाग
आणि चमक? मी म्हटलं तेच ना?

रोटोताई
अण्णा, अर्धं बरोबर. छत्री हलत नाही हे खरं. पण डोळा गुळगुळीत गोटी असता तरच चमक जागेवर राहिली असती. चमक पडते ती बुबुळावरच्या काचेवर, आणि ती काच गोटीवर वेगळा फुगवटा चिकटवल्यासारखी पुढे आलेली असते. डोळा फिरला की तो फुगवटाही सरकतो, फक्त बुबुळाइतका नाही. फुगवट्याच्या गोलाईचं केंद्र डोळ्याच्या फिरण्याच्या बिंदूपासून साडेपाच-सहा मिलिमीटर पुढे, आणि बुबुळ १० मिलिमीटर. त्यामुळे बुबुळ १० सरकलं तर चमक साडेपाच-सहा सरकते. निम्म्याहून थोडी जास्त.

म्हणून बुबुळ १४ तर चमक ८. केळवेकरने दोन्ही पाच-पाच सरकवलेत, ही त्याची दुसरी चूक. चमक अजून तीनच सरकवायची, बुबुळ नऊ.

अण्णा_लालबाग
हे काही पटत नाही बुवा. तीस वर्षं आम्ही चमक जाग्यावर ठेवली, कुणी तक्रार केली नाही.

रोटोताई
अण्णा, नजर दोन-तीन अंश वळवताना ठेवली असेल तर फरक दिसणारच नाही. पण घरी करून बघा. काकूंना खुर्चीत बसवा, बाजूला एक दिवा, फोन स्टँडवर ठेवून जवळून डोळ्याचा व्हिडिओ घ्या. डोकं न हलवता लेन्सकडून फोनपासून वीतभर लांब बोटाकडे बघायला सांगा. बुबुळ चमकेला मागे टाकून पुढे जातं, पण चमकही थोडी त्याच दिशेने जाते. नजर मोजणारी यंत्रं याच फरकावर चालतात, चमक आणि बाहुली यांच्यातल्या अंतरावर.

शंकासुर
तुम्ही लोक दीड पिक्सेलसाठी एवढं भांडताय? बुबुळ चौदा, चमक आठ, फरक सहाचा. चौपटीतले सहा म्हणजे मूळ फाइलमध्ये दीड. कोण बघणार आहे? काकू फक्त म्हणाल्या आणि मग तुम्हाला दिसायला लागलं.

रोटोताई
वीस बाय तीसमध्ये इंचाला २०० पिक्सेल येतात. काकांचं बुबुळ छापून तीन मिलिमीटरचं होईल. त्यात दीड पिक्सेल म्हणजे बुबुळाचा सोळावा हिस्सा. आकार म्हणून बघितलं तर नाही दिसणार. पण नजर म्हणून दिसतं, आणि शेजारी सहा जण बरोबर बघत असताना जास्तच दिसतं. काकूंनी मोजपट्टी लावली नव्हती.

शंकासुर
काकूंनी तीस वर्षं ते डोळे बघितलेत, त्यांना मोजपट्टी कशाला लागेल 😄 ठीक आहे, चालू द्या.

केळवेकर
ताई, हिशेब कळला. पण भाचा दोन फुटांवर होता हा माझा अंदाज. अडीच असेल तर? यावरून तपासायचं कसं?

रोटोताई
शेजाऱ्याचा डोळा बघ. हा आकड्यांपेक्षा खात्रीचा मार्ग आहे, आकडे फक्त जवळ नेऊन सोडतात.

सगळ्यांवर त्याच दोन छत्र्या. जो माणूस लेन्सकडे बघतोय त्याच्या डोळ्यात चमकेच्या दोन ठिपक्यांची बुबुळाशी जी जागा असते, तीच जागा काकांच्या डोळ्यात आली पाहिजे. मान कशीही असो. काकांच्या शेजारी जो आहे त्याचा डोळा चौपट करून बाजूला ठेव. लांबचा घेऊ नकोस, टोकाला उभ्या असलेल्याला एक छत्री जवळची आणि एक लांबची, त्याचे ठिपके वेगळ्या जागी असतात.

आपल्या गडद डोळ्यांत बाहुली वेगळी दिसतच नाही, तेव्हा बुबुळाचा मध्य शोधायला बुबुळाच्या डाव्या-उजव्या कडांना टेकेल असा गोल काढ. वरची कड पापणीखाली असते, तिच्या नादी लागू नकोस. मग दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून एक उभी गाइड टाक आणि ती गोलाच्या मध्यापासून किती लांब जाते ते मोज. आधी शेजाऱ्याची, मग काकांची. तुझ्या आत्ताच्या फाइलमध्ये काकांची गाइड मध्याच्या डावीकडे पाच-सहा पिक्सेल निघेल.

केळवेकर
मोजलं. काकांच्या एका डोळ्यात तीन निघाली, दुसऱ्यात नऊ!

आणि अजून एक. काकांच्या डोळ्यात ठिपके दोन नाहीत, तीन आहेत. तिसरा छोटा चौकोनी, उजव्या छत्रीच्या जरा खाली. बाकी कुणाच्या डोळ्यात नाही.

अण्णा_लालबाग
व्हिडिओवाल्याचा एलईडी. त्या फ्रेमच्या वेळी त्याने दिवा लावला असणार. लग्नात हे ठरलेलं. तिसरा ठिपका उडव. तो नाकाच्या उजव्या बाजूलाही हलका उजेड टाकून गेला असेल, तोही बघ. डोळ्यातला काढलास आणि गालावरचा ठेवलास तर चेहरा तेलकट दिसतो.

रोटोताई
अण्णांचं शंभर टक्के बरोबर. मी ते विचारायलाच विसरले.

तीन आणि नऊचं मात्र मला नीट सांगता येणार नाही. सहा-सहा यायला हवे होते. कापताना एक डोळा जास्त सरकला का?

चष्मेवाली
मी सांगू का? माझं फोटोचं काही नाही, गिरगावात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. हे रोज बघते.

माणूस सरळ टॉर्चकडे बघत असला तरी टॉर्चची चमक बाहुलीच्या बरोबर मध्यात पडत नाही. किंचित नाकाच्या बाजूला पडते, दोन्ही डोळ्यांत. कारण आपण ज्या रेषेने बघतो ती बाहुलीच्या मधून जाणाऱ्या रेषेशी पाच अंशांच्या आसपास तिरकी असते. कोणात कमी, कोणात जास्त. लहान मुलांच्या आया घाबरून येतात की मूल तिरळं बघतंय, तेव्हा पहिल्यांदा हेच पाहावं लागतं.

म्हणजे डाव्या डोळ्यात चमक एकीकडे झुकणार, उजव्या डोळ्यात उलट बाजूला. तुमचे तीन आणि नऊ त्यामुळेच आले असतील. सरासरी घ्या, सहा.

रोटोताई
वा. हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोन्ही डोळ्यांची सरासरी घ्यायचो, पण ती का घ्यायची हे माहीत नव्हतं.

केळवेकर, शेजाऱ्याच्याही दोन्ही डोळ्यांची सरासरी घे आणि काकांची सरासरी तिच्याशी जुळव. दोन्ही बुबुळं सारखीच सरकव.

आता हाताने करायचं ते. बुबुळ उचलण्याआधी त्यावरचे तिन्ही ठिपके क्लोनने बुजव. मूळ दोन ठिपके वेगळ्या लेयरवर जपून ठेव. बुबुळ सरकल्यावर उजवीकडे जे पांढरं उघडं पडेल ते त्याच डोळ्याच्या पांढऱ्यातून भर, पण ते पांढरं नसतंच हे ध्यानात ठेव. कोपऱ्याकडे गुलाबी-करडं होत जातं आणि वरून पापणीची सावली असते. ती सावली डोळ्याच्या खाचेची आहे, बुबुळाची नाही. बुबुळासोबत सावलीही सरकली तर बुबुळ स्टिकरसारखं दिसतं. म्हणून बुबुळाला पापणीच्या कडेचा मास्क लाव आणि सावली सगळ्यांच्या वर, मल्टिप्लाय मोडमध्ये हलक्या ब्रशने. ठिपके तिच्याही वर. नाकाजवळचा गुलाबी कोपरा अजिबात हलवायचा नाही.

केळवेकर
मानेचा कोन जुळवायला मी डोकं साधारण आठ अंश फिरवलंय. त्याचं काही?

रोटोताई
हो! हे आधी सांगायचंस. डोकं फिरवलंस तेव्हा ठिपकेही फिरले. छत्र्या काही फिरल्या नाहीत. शेजाऱ्याच्या डोळ्यात दोन ठिपके एका आडव्या रेषेत असतील तर काकांच्याही असायला हवेत, चेहरा वाकडा असला तरी. ठिपक्यांची जोडी बुबुळाच्या मध्याभोवती आठ अंश उलटी फिरव. प्रत्येक ठिपका वेगळा फिरवून उपयोग नाही, दोन्ही मिळून फिरव.

मंजिरी_पार्ले
माझ्या प्रश्नाचं राहून गेलं का?

रोटोताई
मंजिरीताई, माफ करा, राहिलंच. तुमचं प्रकरण वेगळं आहे. केळवेकरला नऊ-साडेनऊ अंश वळवायचेत. तुमच्या सासऱ्यांना समोरून बटूकडे वळवायचं म्हणजे बहुधा तीस-चाळीस अंश, आणि खालीही. इतकं बुबुळ सरकवून होत नाही. बुबुळ बाजूने चपटं दिसायला लागतं, चमक काचेवरून घसरून पांढऱ्यावर ओघळल्यासारखी जाते, आणि खाली बघताना वरची पापणी डोळ्याबरोबर खाली उतरते. नुसतं बुबुळ खाली नेलंत तर ते दचकल्यासारखे दिसतील. शिवाय माणूस एवढ्या लांब बघताना मानही वळवतोच.

मी दहा-बारा अंशांपुढे आडवं आणि चार-पाच अंशांपुढे खाली-वर हात लावत नाही. त्यापेक्षा त्यांचा दुसरा एखादा फोटो शोधा, ज्यात ते मुळातच बाजूला खाली बघतायत. जेवताना, पेपर वाचताना, कसाही.

मंजिरी_पार्ले
एक आहे. पत्ते खेळतानाचा. त्यात ते पत्त्यांकडे बघतायत आणि हसतायत. पण तो खिडकीजवळचा आहे आणि मुंज हॉलमध्ये.

अण्णा_लालबाग
तोच घ्या ताई. खाली बघणाऱ्या डोळ्यात चमक जवळजवळ दिसतच नाही, पापणी झाकते. खिडकीचा उजेड गालावर असेल तो मी जुळवून देईन. दुकानात या, लालबागच्या बाजारात कुणालाही अण्णा विचारा.

कोकणचा_पोरगा
पत्त्यांच्या जागी बटू बसला की झालं. आजोबांनी हात जिंकल्यासारखे दिसतील.

रोटोताई
एक अडचण येईल, अण्णा. पत्ते हातात म्हणजे दीडेक फुटावर. तेवढ्या जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, प्रत्येकी चारेक अंश. बटू सात-आठ फुटांवर बसला असेल तर आजोबांची नजर त्याच्यापर्यंत पोचणार नाही, हवेत मधेच थांबल्यासारखी वाटेल. दोन्ही बुबुळं थोडी थोडी बाहेर काढावी लागतील.

अण्णा_लालबाग
बघतो. पापणी किती उघडी आहे त्यावर आहे.

केळवेकर
काम केलं. आता नवीन घोटाळा. फोटो टाकता येत नाही, काकूंची परवानगी नाही. शब्दांत सांगतो.

नजर आता कॅमेऱ्यावर आली, हे पाच जणांना दाखवून खात्री केली. पण काका जरा तिरळे दिसायला लागले. जवळचं काही बघतायत असं.

चष्मेवाली
तुम्ही दोन्ही डोळ्यांची गाइड वेगवेगळी शून्यावर आणलीत का?

केळवेकर
हो... शेजाऱ्याची सरासरी शून्य होती ना, म्हटलं काकांची दोन्ही शून्य केली तर सरासरी शून्यच.

चष्मेवाली
मग दोन्ही बुबुळं तीन-तीन पिक्सेल नाकाकडे ओढलीत तुम्ही. चमक नाकाकडे असणं हे त्यांचं नैसर्गिक आहे, ते तुम्ही काढून टाकलंत. तिरळे दिसणारच.

रोटोताई
मी म्हटलं होतं ना, दोन्ही सारखीच सरकव. एकात डावीकडे तीन, दुसऱ्यात उजवीकडे तीन, असंच राहू दे.

केळवेकर
केलं. दोन्ही बुबुळं चौदा, चमक आठ. आता बरेच बरे दिसतायत. पण डावा डोळा अजून मला खटकतो. काकूंना दाखवायच्या आधी खात्री हवी होती म्हणून काकांचा कॅमेऱ्याकडे बघतानाचा एकही फोटो आहे का शोधला. हॉलच्या गेटवरचा एक सापडला, मोबाइलवर काढलेला, भर उन्हात. त्यातही डावा डोळा किंचित बाहेर आहे!

अण्णा_लालबाग
मग तेच डोळे का नाही लावत? उगाच एवढा हिशेब.

केळवेकर
उन्हात डोळे बारीक केलेत अण्णा. चमकही आकाशाची, वरच्या अर्ध्या डोळ्यात पसरलेली. हॉलमध्ये ते डोळे चालणार नाहीत.

रोटोताई
डोळे लावू नकोस, फक्त बुबुळांतलं अंतर घे. गेटवरच्या फोटोत दोन बुबुळांच्या मध्यांमधलं अंतर आणि एका बुबुळाची रुंदी मोज, भागाकार कर. तुझ्या फाइलमध्ये तोच भागाकार काढ. मान थोडी वळलेली असली तरी फारसा फरक पडत नाही. पण मोबाइल खूप जवळ धरला असेल तर तिथेही डोळे आत वळलेले असणार. किती लांबून काढलाय?

केळवेकर
भाच्यानेच काढलाय. विचारतो.

चष्मेवाली
आणि काकांना विचारा, लहानपणी चष्मा किंवा पट्टी होती का. डावा डोळा खरंच बाहेर असेल तर तुम्ही तो सरळ करायचा की नाही हे काकूंनी ठरवायचं.

शंकासुर
मी सांगतो, सरळ केलात तर काकू म्हणतील हे कोण.

केळवेकर
भाचा म्हणतो हातभर अंतरावरून काढला होता, सेल्फीच होती, तो कडेला कापला गेलाय. म्हणजे तो फोटो बाद.

उद्या अल्बमच्या सह्या घ्यायला काका-काकू दोघं स्टुडिओत येणार आहेत. बारा फुटांवर उभे करून, दोन छत्र्या लावून एक फोटो काढतो. या वेळी डोळे मिटले नाहीत तर.